रात्रीत लाल झालेली टाइल

१ ऑक्टोबरच्या सकाळी दुचाकींच्या एका शोरूममधून मला फोन आला. त्यांचा विक्रीचा डॅशबोर्ड मीच बांधून दिला होता. विक्री विभाग सांभाळणाऱ्या बाई अस्वस्थ होत्या. "सर, काल संध्याकाळी आमची टाइल ९५ टक्क्यांवर हिरवी होती. आज ७६ टक्के आणि लालभडक. रात्री शोरूम बंद होतं, मग आम्ही मागे कसे पडलो?"

प्रश्न रास्त होता. त्यांचं वर्षाचं उद्दिष्ट १२०० गाड्यांचं, म्हणजे महिन्याला १००. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.) सप्टेंबरअखेर ६०० गाड्या विकल्या जायला हव्या होत्या, विकल्या गेल्या ५७०. ९५ टक्के. ऑक्टोबरपासून तालुक्याच्या गावी उपशाखा सुरू होणार होती, म्हणून मालकांनी वर्षाचं उद्दिष्ट १५०० केलं. ऑफिसातल्या कुणीतरी एक्सेलच्या त्याच रकान्यात १२०० पुसून १५०० लिहिले. रात्री रिफ्रेश झाला. रिपोर्टनं १५०० ला १२ नं भागलं, सहा महिन्यांचे ७५० धरले आणि ५७० भागिले ७५० असा हिशेब मांडला. जी शाखा तोवर उघडलीच नव्हती, तिनं एप्रिलपासून गाड्या का विकल्या नाहीत, असा जाब ती टाइल विचारत होती.

उद्दिष्ट वर्षाच्या मध्यात बदललं की हिशेब तीन तऱ्हांनी करता येतो. पहिली तऱ्हा वर सांगितलीच: नवा आकडा एप्रिलपासूनच होता असं मानायचं. दुसरीत झालेले महिने जुन्या उद्दिष्टावर कायम ठेवायचे. पहिल्या सहा महिन्यांचे ६०० तसेच राहतात आणि उरलेले ९०० पुढच्या सहा महिन्यांवर जातात, महिन्याला १५०. सप्टेंबरअखेरची टाइल ९५ टक्केच दाखवते. ऑक्टोबरमध्ये १४० गाड्या गेल्या तर एकूण विक्री ७१० होते, अपेक्षा ७५०. टाइल पुन्हा ९५ च्या आसपास. पहिल्या तऱ्हेनं त्याच दिवशी अपेक्षा ८७५ आणि टाइल ८१ टक्के. ३१ मार्चला दोन्ही वाटा १५०० वरच येऊन मिळतात, पण मधल्या सहा महिन्यांत त्या अगदी निराळी गोष्ट सांगतात.

तिसरी तऱ्हा प्रत्यक्ष विक्रीपासून सुरू होते. १५०० मधून ५७० वजा केले की ९३० उरतात, महिन्याला १५५. हा आकडा फार उपयोगाचा आहे, कारण उद्या सकाळी कामाला लागणाऱ्या माणसाला तोच हवा असतो. मात्र त्याला अपेक्षा मानून टाइलचा रंग ठरवू नये. तसं केलं तर आधीच्या सहा महिन्यांतली ३० गाड्यांची तूट गुपचूप माफ होते आणि टाइल पुन्हा १०० टक्क्यांपासून सुरू होते. 'यापुढे दरमहा १५५' अशी वेगळी ओळ टाइलखाली द्यावी.

पहिल्या दोहोंतली कुठली तऱ्हा बरोबर, हे सूत्र ठरवत नाही. उद्दिष्ट का बदललं, त्यावर ते ठरतं. मुळात १५०० च ठरले होते आणि टाइप करताना १२०० झाले, तर ती चूक एप्रिलपासूनच दुरुस्त व्हायला हवी. परिस्थिती बदलली असेल, म्हणजे शाखा वाढली, एखादं मॉडेल बंद झालं, तर बदल लागू होण्याच्या तारखेपासूनच मोजला पाहिजे. म्हणून नव्या आकड्यासोबत 'कधीपासून लागू' आणि 'कशासाठी' हे दोन रकाने नसतील, तर रिपोर्ट बांधणाऱ्यानं काम तिथेच थांबवून विचारावं. अंदाजानं भरू नये.

आता नोंद कशी ठेवायची. आपले मुनीम खतावणीत खोडाखोड करत नाहीत, समायोजनाची नवी नोंद टाकतात. उद्दिष्टाचंही तसंच करावं. बारा महिन्यांच्या बारा ओळी, प्रत्येकी १००. त्या तशाच राहू द्यायच्या. ऑक्टोबर ते मार्चसाठी अधिक ५० च्या सहा ओळी नव्यानं टाकायच्या. सगळ्यांची बेरीज १५०० होते. चूक दुरुस्त करायची असती, तर एप्रिलपासून अधिक २५ च्या बारा ओळी पडल्या असत्या. रिफ्रेशच्या वेळी करायची बेरीज दोन्ही बाबतींत एकच:

```sql
SELECT SUM(units) AS expected
FROM target_entry
WHERE target_month <= :data_month
  AND recorded_on <= :report_date;
```

चालू महिना अर्धवट असेल तर त्याचा वाटा झालेल्या कामाच्या दिवसांइतकाच धरायचा, एवढी भर त्यात घालावी लागते. `recorded_on` म्हणजे नोंद टेबलात पडली ती तारीख. मालकांचा आदेश १ ऑक्टोबरचा, पण नोंद १८ तारखेला झाली, असं सर्रास घडतं. १० तारखेच्या बैठकीत दाखवलेला आकडा डिसेंबरमध्ये कुणी मागितला, तर तो जसाच्या तसा काढून देता आला पाहिजे. केंद्रीय अर्थसंकल्पातही मूळ आणि सुधारित अंदाज शेजारी शेजारी छापतात. २०२१-२२ च्या निर्गुंतवणुकीचं १,७५,००० कोटींचं उद्दिष्ट पुढे ७८,००० कोटींवर आणलं गेलं, आणि दोन्ही आकडे आजही वाचता येतात.

इथे एक चूक हमखास होते. फरकाऐवजी पूर्ण नवं उद्दिष्टच दुसऱ्या ओळीत टाकलं जातं. मग १२०० आणि १५०० ची बेरीज २७०० होते आणि वार्षिक टाइल ४७.५ वरून थेट २१ टक्क्यांवर येते. टक्का असा एका रात्रीत निम्म्याखाली गेला, तर विक्री तपासण्याआधी उद्दिष्टाच्या ओळी मोजा.

रिफ्रेशच्या वेळेचा मुद्दा याहून बारीक आहे. पॉवर बीआयच्या क्लाउड सेवेत `TODAY()` ही यूटीसीची तारीख देते, आणि आपलं घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास. १ ऑक्टोबरला पहाटे २ वाजता रिफ्रेश झाला, तेव्हा तिथे ३० सप्टेंबरचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. हे सूत्र मोजलेल्या रकान्यात असेल, तर ती जुनी तारीख पुढच्या रिफ्रेशपर्यंत तशीच गोठून राहते. मी आता `TODAY()` वापरतच नाही. शेवटच्या बिलाची तारीख घेतो आणि अपेक्षाही त्याच तारखेपर्यंत मोजतो. एका शाखेचा डेटा आला आणि दुसरीचा अडकला, तर दोघींच्या शेवटच्या तारखांपैकी आधीची धरतो. यातही एक धोका आहेच: कुणी बिलावर पुढच्या वर्षाची तारीख टाकली, तर अपेक्षा एकदम फुगते. म्हणून आजच्या पुढची तारीख असलेली बिलं आधीच बाजूला काढावी लागतात.

महिन्याला सरसकट ५० वाढवणं हेही शोरूमच्या धंद्याला धरून नाही. पितृपक्षात गाडी घ्यायला कुणी येत नाही, आणि दसऱ्याला उभं राहायला जागा नसते. २०२३ चा दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२५ चा २ ऑक्टोबरला. तेव्हा गेल्या वर्षीच्या महिन्यांचं प्रमाण जसंच्या तसं उचलूनही भागत नाही. वाढीव ३०० गाड्या उरलेल्या महिन्यांत वाटताना त्या महिन्यांतले सण पाहूनच वजन द्यावं. गुढीपाडव्याचं तर याहून अवघड आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात दोन पाडवे आले, ९ एप्रिल आणि ३० मार्च. त्याआधीच्या २०२३-२४ मध्ये एकही नव्हता. २०२६-२७ मध्येही नाही. त्यानंतरचा पाडवा ७ एप्रिल २०२७ ला, ते आर्थिक वर्ष संपल्यावर आठवड्याभरानं आहे.