दम लागत नाही म्हणजे हृदय बरं झालं का?

कुरुंदवाडमध्ये आमच्या नात्यातल्या एकाच घरात दोन इको रिपोर्ट आहेत. एक मामूंचा, एक खालांचा. मामूंच्या रिपोर्टवर इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के लिहिलंय, खालांच्या रिपोर्टवर ६० टक्के. हा आकडा म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडतं, त्याचं माप. साधारण ५० च्या पुढे असेल तर ठीक समजतात.

मग तब्येत कोणाची चांगली? मामू नदीघाटाच्या पायऱ्या न थांबता चढायचे. खालांना मात्र न्हाणीघरातून स्वयंपाकघरापर्यंत येताना दम लागतो. घरातले म्हणायचे, "रिपोर्ट अदलाबदल झालेत वाटतं." रिपोर्ट बरोबर होते. हृदयाचं नुकसान आणि माणसाला होणारा त्रास ही दोन वेगळी मापं आहेत, ही गोष्ट घरात कोणी समजावून सांगितली नव्हती.

डॉक्टर हार्ट फेल्युअरच्या पेशंटबद्दल दोन गोष्टी लिहितात. पहिली 'क्लास'. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने १९२८ मध्ये ही पद्धत आणली. यात फक्त एवढंच विचारतात, की काय केल्यावर त्रास होतो? नेहमीच्या कामांना काहीच त्रास नाही, तो क्लास १. जिना, चढ, बाजारहाट अशा नेहमीच्या कामाला दम लागतो, तो क्लास २. त्याहून कमी कामाला, म्हणजे कपडे बदलताना किंवा घरातल्या घरात चालताना दम लागतो, तो क्लास ३. आणि बसल्या जागी, झोपल्या जागीही त्रास, तो क्लास ४.

दुसरी गोष्ट 'स्टेज'. अमेरिकेतल्या दोन हृदयरोग संस्थांनी २००१ मध्ये ती मांडली. बीपी, शुगर असा धोका आहे पण हृदय शाबूत आहे, ती स्टेज ए. हृदयात बिघाड झालाय पण त्रास अजून नाही, ती बी. बिघाड आहे आणि त्रास आहे किंवा पूर्वी होऊन गेलाय, ती सी. आणि नीट औषधं घेऊनही त्रास हटत नाही, वरचेवर ॲडमिट व्हावं लागतं, ती डी.

आम्ही शाळेत शिकवतो म्हणून आम्हाला हे असं समजलं: क्लास म्हणजे हजेरीपट. आज हजर, उद्या गैरहजर, रोज बदलतो. स्टेज म्हणजे जनरल रजिस्टरमधली नोंद. एकदा झाली की मागे जाऊन खोडत नाहीत.

आता मामूंची हकीकत या दोन मापांवर लावून बघू. बरीच वर्षं त्यांना बीपी आणि शुगर होती. ती स्टेज ए. मग हार्ट ॲटॅक आला, स्टेंट बसला, आणि इकोमध्ये ३५ टक्के आलं. दम अजिबात लागत नव्हता. ती स्टेज बी. आठ महिन्यांनी पाय सुजले, रात्री उशीवर उशी ठेवल्याशिवाय झोप येईना. ती स्टेज सी, आणि क्लास ४. आकडा तेव्हा ३० वर आला होता. औषधं सुरू झाली आणि तीन-चार महिन्यांत ते पायऱ्या चढू लागले. क्लास १. पण स्टेज? सीच. कारण त्रास होऊन गेला होता आणि बिघाड तिथेच होता.

मग मामूंना त्रास का होत नव्हता? याचं उत्तर साध्या गणितात आहे. समजायला सोपे आकडे घेऊ. धडधाकट हृदयाच्या कप्प्यात १०० मिली रक्त भरतं आणि ६० टक्के बाहेर पडतं, म्हणजे ६० मिली. कमजोर हृदय हळूहळू ताणून मोठं होतं. त्यात २०० मिली भरलं आणि ३० टक्केच बाहेर पडलं, तरी ते ६० मिलीच होतात. शरीराला तेवढंच रक्त मिळतं, म्हणून माणसाला काही कळत नाही. पण ताणलेल्या भिंतीवर जोर जास्त पडतो. त्यात शरीर रक्त कमी पडेल या भीतीने मीठ-पाणी धरून ठेवतं, ठोके वाढवतं. काही दिवस त्याने निभावतं, पुढे तेच हृदयाला आणखी थकवतं. औषधं ही ओढाताण थांबवतात.

खालांचं उलट आहे. बीपीमुळे त्यांच्या हृदयाची भिंत जाड आणि कडक झाली आहे. बाहेर टाकायची ताकद आहे, म्हणून ६० टक्के. पण कडक कप्पा सैल पडून नीट भरत नाही. आतला दाब वाढतो, तो मागे फुप्फुसांपर्यंत जातो आणि चालताच दम लागतो. म्हणजे खालाही स्टेज सी, पण क्लास ३. ६० आकडा बघून 'हृदय ठीक आहे' म्हणणं इथे चुकतं. अर्थात प्रत्येक दम हृदयाचाच नसतो. रक्त कमी असणं, दमा, वाढलेलं वजन यांनीही क्लास वाईट दिसतो, म्हणून डॉक्टर तेही तपासतात.

क्लासमध्ये आणखी एक फसगत होते. त्रास होऊ नये म्हणून माणूस नकळत काम कमी करतो. वरच्या मजल्यावर जाणं सोडतो, बाजाराला मुलाला पाठवतो, आणि डॉक्टरांना सांगतो, "काही त्रास नाही." म्हणून "दम लागतो का?" एवढंच विचारू नये. "सहा महिन्यांपूर्वी करायचा ते कोणतं काम आता सोडलंय?" हे विचारावं.

मामूंची चूक अशीच झाली. "आता काय झालंय मला?" म्हणत त्यांनी गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत मध्यरात्री धापा टाकत त्यांना कोल्हापूरला न्यावं लागलं. पुन्हा क्लास ४. आज ते क्लास २ मध्ये आहेत. पूर्वीइतक्या पायऱ्या आता होत नाहीत.

आकडाही सुधारला तर? लंडनमधल्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये याचा अभ्यास छापला. हृदय मोठं होण्याच्या आजारातून सुधारलेले ५१ पेशंट, त्रास नाही, इजेक्शन फ्रॅक्शन ५० च्या वर. देखरेखीखाली २५ जणांची औषधं हळूहळू बंद केली. सहा महिन्यांत ११ जणांचा आजार परत आला. औषधं चालू ठेवलेल्या २६ जणांत एकाचाही नाही. मामूंचा आजार वेगळ्या कारणाचा आहे, पण बरं वाटणं आणि बरं होणं यातला फरक इथेही तोच दिसतो.

म्हणून पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की दोन्ही विचारा: क्लास कोणता आणि स्टेज कोणती? घरी रोज सकाळी, लघवीनंतर आणि नाश्त्याआधी वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर पाणी साचतंय असं समजून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. दम त्यानंतर लागतो. गुडघेदुखीच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच शरीरात पाणी धरून ठेवतात. आणि रमजानच्या आधी रोज्याबद्दल, लघवीच्या गोळीच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी बोला. क्लास ३-४ मध्ये बहुधा रोजा न ठेवण्याचाच सल्ला मिळतो. क्लास १ मध्ये असलात तरी विचारूनच ठरवा, कारण स्टेज अजून सीच असते.