हाताशी असलेल्या मालाचे मोल

लंडन मेटल एक्स्चेंजमध्ये १८ ऑक्टोबर २०२१ रोजी एक विलक्षण स्थिती दिसली. त्वरित ताब्यात मिळणारे तांबे तीन महिन्यांनी मिळणाऱ्या तांब्यापेक्षा टनामागे हजार डॉलरहून अधिक महाग होते.

सामान्यतः याच्या उलट घडते. माल तीन महिने सांभाळायचा तर व्याज, गोदामभाडे आणि विमा यांचा खर्च येतो. म्हणून वायद्याचा भाव हजर भावापेक्षा चढा असतो. या स्थितीस ‘कॉन्टँगो’ म्हणतात. वायदा हजर भावाच्या खाली गेला, तर ते ‘बॅकवर्डेशन’.

मग स्वस्त वायदा सोडून महाग माल कोण घेतो? ज्याची भट्टी आज बंद पडू शकते तो कारखानदार. तीन महिन्यांनी येणारे तांबे त्याच्या आजच्या कामाचे नसते. माल हाताशी असण्याच्या या लाभास ‘कन्व्हीनियन्स यील्ड’ म्हणतात. त्याचा भाव कोठेही छापला जात नाही. तो वायद्यांच्या भावांतूनच काढावा लागतो.

हिशेबाच्या सोयीसाठी काल्पनिक आकडे घेऊ. हजर भाव ११,००० डॉलर आणि तीन महिन्यांचा सांभाळखर्च १०० डॉलर असेल, तर वायदा ११,१०० असावयास हवा. प्रत्यक्षात तो ९,९०० आहे. म्हणजे लाभाचे मोल १,२०० डॉलर, महिन्याला ४०० डॉलर ठरले. आता पंधरा महिन्यांचा वायदा ९,७०० आहे आणि मधल्या वर्षाचा सांभाळखर्च ४०० आहे असे धरू. ९,९०० मध्ये ४०० मिळवून ९,७०० वजा केल्यास ६०० उरतात, म्हणजे महिन्याला केवळ ५०. टंचाई आजची आहे आणि पुढे ती ओसरेल असे बाजार मानतो, हा त्याचा अर्थ. त्यावरून तांब्याचे भाव कोसळणार असे भाकीत मात्र करता येत नाही.

कॉन्टँगो फार वाढल्यास व्यापारी आज माल घेऊन साठवतात व वायद्यात विकतात, त्यामुळे तो आटोक्यात येतो. बॅकवर्डेशनला असा बांध नाही. उद्याचा माल आज आणता येत नाही. त्या ऑक्टोबरमध्ये एक्स्चेंजच्या गोदामांतील उपलब्ध साठा १४,१५० टनांवर, म्हणजे १९७४ नंतरच्या नीचांकावर आला होता.

या मोजमापास मर्यादाही आहेत. साठा मोजक्या हाती एकवटला, तर हिशेबातून निघालेल्या आकड्यात खऱ्या गरजेबरोबर कोंडीही मिसळते. म्हणूनच दुसऱ्याच दिवशी एक्स्चेंजने नजीकच्या मुदतीतील बॅकवर्डेशनवर बंधने घातली. उलट गोदामे तुडुंब भरली, तर साठवणुकीचा खरा खर्च गृहीत खर्चाहून वाढतो आणि लाभाचे मोल उणे आल्याचा भास होतो. यास्तव भावांतील फरकाशेजारी साठ्याचा आकडा ठेवून पाहावा. साठा विपुल असताना हे मोल मोठे दिसले, तर हिशेब पुन्हा तपासावा.