‘मोनोपॉली’तला ‘पॉली’ कुठला?

‘मोनो’ म्हणजे एक आणि ‘पॉली’ म्हणजे अनेक. मग ‘मोनोपॉली’चा अर्थ काय? उपसर्ग पाठ केलेला विद्यार्थी इथे हमखास अडतो, कारण अर्थ निघतो मक्तेदारी.

हे उपसर्ग दोन घराण्यांतले. ‘युनि’ आणि ‘बाय’ लॅटिनमधून आले, ‘मोनो’ आणि ‘पॉली’ ग्रीकमधून; ‘ट्राय’ दोन्हीकडे आढळतो. मराठी वाचकाला ते अगदीच परके नाहीत. ‘ट्राय’ आणि आपला ‘त्रि’ एकाच मुळातून फुटलेले आहेत, ‘बाय’ आणि ‘द्वि’ही तसेच.

म्हणूनच ‘बायलिंग्वल’ चटकन उलगडतो. ‘लिंग्वा’ म्हणजे जीभ, आणि त्यावरून भाषा. म्हणजे दोन भाषांचा, द्वैभाषिक. १९५६ ते १९६० या काळात मराठी आणि गुजराती भाषकांचं मिळून जे मुंबई राज्य होतं, त्याला मराठीत द्वैभाषिकच म्हणत. ‘युनिफॉर्म’ म्हणजे सर्वांचं एकच रूप. ‘पॉलिग्लॉट’ म्हणजे अनेक भाषा जाणणारा, कारण ग्रीकमध्ये ‘ग्लोट्टा’ म्हणजे जीभ.

मात्र उपसर्गासारखी दिसणारी प्रत्येक अक्षरं उपसर्ग नसतात. ‘बायॉलॉजी’त दोनाचा संबंध नाही, तिथे ‘बिओस’, म्हणजे जीवन, हा ग्रीक शब्द आहे. ‘पोलीस’मध्ये ‘अनेक’ नाही, तर ‘पोलिस’ म्हणजे नगर आहे. उपसर्ग बाजूला काढून उरलेल्या भागाला स्वतःचा अर्थ आहे का आणि दोन्ही मिळून शब्दाचा अर्थ जुळतो का, हे पाहिलं की चकवा ओळखता येतो.

‘मोनोपॉली’ला हीच कसोटी लावू. ‘मोनो’ काढला की उरणारा ‘पॉली’ हा ‘अनेक’वाला नव्हे, तो ‘पोलेइन’, म्हणजे विकणे, या क्रियापदापासून आलेला आहे. एकच विकणारा, ती मोनोपॉली. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात थेलीस या तत्त्वज्ञाची गोष्ट दिली आहे. पुढच्या हंगामात ऑलिव्हचं पीक भरघोस येणार, असा अंदाज आल्यावर त्याने हिवाळ्यातच मिलेटस आणि किऑस इथले तेलघाणे थोडा विसार देऊन स्वस्तात धरून ठेवले. हंगामात सगळ्यांना एकदम घाणे हवे झाले, तेव्हा त्याने ते मनाजोग्या दराने भाड्याने दिले. घाणे पुरवणारा तो एकटाच होता.

विकणारे दोनच असले की ‘ड्युओपॉली’. आणि खरेदी करणारा एकच असला तर? त्यासाठी १९३३मध्ये जोन रॉबिन्सन यांच्या अर्थशास्त्रावरच्या पुस्तकातून ‘मोनोप्सनी’ हा शब्द पुढे आला. त्यात ‘मोनो’ला खरेदीचा अर्थ असलेला ग्रीक शब्द जोडलेला आहे. महाराष्ट्रात १९७२मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा होता. म्हणजे एकटा होता तो खरेदीदार. इंग्रजीत ही योजना ‘मोनोपॉली’ याच शब्दाने ओळखली गेली, पण अर्थशास्त्राच्या काटेकोर भाषेत तिला ‘मोनोप्सनी’ म्हणायला हवं.