‘आहे’ की ‘असणार’?

होरेब डोंगराच्या पायथ्याशी मोशे सासऱ्याची मेंढरं चारत असतो. एक झुडूप पेटलेलं दिसतं, पण ते जळून जात नाही. तो जवळ जातो आणि ज्वाळेतून आवाज येतो: फारोकडे जा, माझ्या लोकांना मिसरातून सोडवून आण. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातली ही कथा. मोशे बिचकतो आणि विचारतो, एवढं मोठं काम करणारा मी कोण? तो कोण आहे, हे देव त्याला सांगतच नाही. बाराव्या वचनातलं उत्तर एवढंच, की मी तुझ्याबरोबर असेन. हिब्रूत इथे ‘एह्ये’ हे क्रियापद आहे.

मग मोशेचा दुसरा प्रश्न येतो. लोकांनी तुझं नाव विचारलं तर काय सांगू? चौदाव्या वचनात उत्तर मिळतं: ‘एह्ये अशेर एह्ये’. पुढे, ‘एह्ये’ने मला पाठवलं आहे, असं लोकांना सांग. दोन वचनांपूर्वी आलेलाच शब्द देव आता स्वतःचं नाव म्हणून सांगतो.

बहुतेक भाषांतरांत मात्र बाराव्या वचनात ‘असेन’ येतं आणि चौदाव्यात ‘मी आहे तो आहे’. शब्द एकच असला तरी काळ बदलतो, आणि आधीचं आश्वासनच पुढे नाव झालं आहे, हे वाचकाला कळतच नाही.

हे का झालं, ते समजायला हिब्रू क्रियापदाकडे बघावं लागतं. ‘एह्ये’ हे ‘हाया’ म्हणजे असणे, होणे, घडणे या धातूचं प्रथमपुरुषी एकवचनी रूप आहे. क्रिया पूर्ण झालेली नाही, एवढं ते सांगते. त्यामुळे त्यातून ‘असेन’, ‘होईन’, क्वचित ‘असतो’ असेही अर्थ निघतात. नुसतं ‘मी अमुक आहे’ म्हणायला हिब्रूला क्रियापद लागतच नाही. आपण ‘मी मराठी’, ‘माझं नाव शंकर’ म्हणतो, तसंच. मग इथे क्रियापद मुद्दाम आणलंय, तर त्याच्यावर भार आहे. मधला ‘अशेर’ हा संबंधदर्शक शब्द. तो ‘जो’, ‘जे’, ‘जसा’ यातलं काहीही होऊ शकतो.

‘आहे’ आलं ग्रीकमधून. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात यहुद्यांच्या धर्मशास्त्राचं ग्रीक भाषांतर सुरू झालं. त्यात या वाक्याचा अर्थ ‘जो आहे तो मी’ असा झाला. घटनांतून ओळख देणारा देव तिथे शाश्वत अस्तित्व झाला. पूर्वेकडच्या चर्चमधल्या ख्रिस्ताच्या चित्रांत डोक्यामागच्या प्रभावळीवर तीच ग्रीक अक्षरं आजही लिहितात. लॅटिननेही वर्तमानकाळच घेतला. लूथरने मात्र जर्मनमध्ये भविष्यकाळ वापरला. ओंकेलोसच्या अरामी भाषांतराने तर हे शब्द हिब्रूतच ठेवले.

अर्थाचा आणखी एक धागा याच पुस्तकात सापडतो. तेहतिसाव्या अध्यायात देव म्हणतो, ज्याच्यावर कृपा करायची त्याच्यावर मी कृपा करीन. घडण तीच: क्रियापद, मध्ये ‘अशेर’, पुन्हा तेच क्रियापद. अशा बोलण्यात थोडा नकारही असतो, की मला कुणी बांधून घालू नये. म्हणून हे वाक्य नाव सांगतं आणि नावाने देवाला मुठीत धरायची वाटही बंद करतं. तल्मुदमधल्या रब्बींनी ते सोबतीच्या अंगाने वाचलं: या गुलामीत मी तुमच्याबरोबर आहे आणि पुढच्या गुलामीतही असेन. त्यावर मोशे म्हणतो, पुढची संकटं आत्ताच कशाला सांगायची? म्हणून निरोपात एकच ‘एह्ये’ उरला, अशी ती कथा.

मराठीत काय करावं? ‘मी आहे तो आहे’ ऐकायला भारदस्त आहे, पण ते थांबलेलं वाक्य आहे. शिवाय बोलताना ते ‘मी हा असा आहे, काय करायचं ते करा’ असंही ऐकू येतं. ‘मी जो असेन तो असेन’ व्याकरणाला जवळ आहे, पण मराठीत ‘असेन’मध्ये अंदाज डोकावतो. ‘तेव्हा मी दहा वर्षांचा असेन’ म्हणतो ना आपण, तसा. गुलामीतून सुटायला निघालेल्यांना अंदाज देऊन भागत नाही.

मला ‘असणार’ हे रूप पटतं. ‘मी तुझ्याबरोबर असणार’, आणि मग ‘मी जो असणार तो असणार’. त्यात निर्धार आहे, ते पुढे बघतं, आणि बाराव्या व चौदाव्या वचनांत एकच शब्द राहतो. उणीव एकच: ‘अशेर’चा ‘जसा’ हा अर्थ ‘जो’ने झाकला जातो. तो तळटीपेत द्यावा.

आपल्या घरातलं बायबल काढा, निर्गमचा तिसरा अध्याय उघडा आणि बारावं व चौदावं वचन शेजारी ठेवून त्यातली क्रियापदं तपासा.