हरमलची चुकलेली ओळ

आपल्या पेडण्यातलं हरमल इंग्रजी पाटीवर 'अरंबोल' होतं आणि डिचोलीचं 'बिचोलिम'. समजा, आपण चौघांनी मिळून गावांची इंग्रजी-मराठी नावं जोडणारी एक फाईल बनवली आणि गिटहबवर सर्वांसाठी खुली ठेवली. लोक येतात, बघतात आणि परत जातात. मदत करायची इच्छा असते, पण सुरुवात कुठून करायची हेच त्यांना कळत नाही.

त्यासाठी आधी `CONTRIBUTING.md` नावाची फाईल लिहावी. कोणी नवी नोंद करायला किंवा बदल पाठवायला गेला की गिटहब तिचा दुवा त्याला आपणहून दाखवतं. काम कसं उतरवून घ्यायचं, बदल कसा तपासायचा, कसा पाठवायचा, एवढंच क्रमाने लिहिलं तरी पुरे. पण आपल्याला सगळं पाठ असल्यामुळे मधल्या पायऱ्या गळतात. म्हणून लिहून झाल्यावर ती फाईल एखाद्या नवख्या मित्राला द्या आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे "आता काय करू?" म्हणेल, तिथे आपलं एक वाक्य राहिलंय. उदाहरणार्थ, आपण `python3` लिहिलेलं असतं आणि त्याच्या विंडोजवर `python` लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे `good first issue` ही चिठ्ठी. नव्या प्रकल्पात गिटहब ती तयारच देतं. पण "मराठी नावं तपासा" अशा नोंदीवर ती चिकटवून उपयोग नाही, कारण काम कुठे संपतं ते कळत नाही. त्यापेक्षा असं लिहावं:

```
फाईल: names.csv, ओळ 14
आत्ता: Arambol,अरंबोल
हवं: Arambol,हरमल
तपासणी: python3 check.py
```

आता दुसरी नोंद पाहा: मराठीतलं 'पेडणे' आणि कोकणीतलं 'पेडणें', दोन्ही लिहून गाव सापडायला हवं. दिसायला एका अनुस्वाराचं काम! पण त्यासाठी शोधाची पद्धतच बदलावी लागते, आणि कशी बदलायची ते आपलंच अजून ठरलेलं नाही. जिथे निर्णय बाकी आहे, तिथे ही चिठ्ठी नको.

हरमलची ओळ आपण स्वतः दोन मिनिटांत दुरुस्त करू शकतो. तो मोह आवरायचा, कारण त्या ओळीच्या निमित्ताने नवखा माणूस सगळी वाट एकदा चालून बघतो. कोणी "मी करतो" म्हटलं की नोंद त्याच्या नावावर करावी, म्हणजे दोघे एकच काम करत बसणार नाहीत. दोन आठवडे काहीच आलं नाही तर विचारावं आणि उत्तर नसेल तर ती पुन्हा मोकळी करावी.

आणि त्याने बदल पाठवला की एक-दोन दिवसांत उत्तर द्यावं. तिथे महिनाभर शांतता राहिली, तर तो पुन्हा फिरकत नाही, चिठ्ठी कितीही नीट लावलेली असो.