पोळी सोडण्याआधी रक्ताची तपासणी

समजा, तिशीतल्या एका बाईचं पोट गेले कित्येक महिने जेवल्यावर फुगतं. मैत्रिणीच्या सल्ल्यावरून ती पोळी, पाव, रवा बंद करून भाकरी खाऊ लागते. पंधरा दिवसांत पोट हलकं वाटतं. दोन-तीन महिन्यांनी ती डॉक्टरांकडे जाते, रक्ततपासणी होते आणि सिलिॲक आजार नसल्याचा अहवाल येतो. या अहवालावर आता विश्वास ठेवता येत नाही.

सिलिॲक आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर हल्ला करते. टीटीजी-आयजीए ही तपासणी त्या हल्ल्यात तयार झालेली प्रतिपिंडं मोजते. ग्लुटेन बंद झालं की प्रतिपिंडं हळूहळू उतरतात आणि आतड्याचं अस्तरही भरून येऊ लागतं. म्हणजे दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडाही निर्दोष दिसू शकतो. म्हणून गहू खात असतानाच तपासणी करावी. सोबत एकूण आयजीएही मोजून घ्यावं, कारण ते मुळातच कमी असलेल्यांत ही तपासणी आजार असूनही नकारात्मक येते.

पण पोळी सोडून बरं वाटलं, हाच पुरावा नाही का? नाही. गव्हात फ्रुक्टान नावाची शर्कराही असते. ती मोठ्या आतड्यात आंबते, वायू होतो. कांदा-लसणातही ती भरपूर असते. पोळी गेली की हीही कमी होते, त्यामुळे सिलिॲक नसलेल्यालाही आराम पडतो. ज्याला ग्लुटेन संवेदनशीलता म्हणतात, तिची स्वतंत्र तपासणी उपलब्ध नाही. आधी सिलिॲक नाही याची खात्री करावी लागते.

गहू आधीच सोडला असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पुन्हा सुरू करावा लागतो. ब्रिटनमधल्या नाइस संस्थेची शिफारस आहे की तपासणीपूर्वी किमान 6 आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लुटेन असावं. आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ पोळी खाल्ली की ते साधतं. हे दिवस त्रासाचे जातात, काहींना सोसतच नाहीत. अशांना एचएलए-डीक्यू2 आणि डीक्यू8 ही जनुकीय तपासणी उपयोगी पडते, तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. दोन्ही जनुकं नसतील तर सिलिॲक जवळपास नाहीच. असतील तर मात्र एवढ्यावरून काही ठरत नाही, कारण अनेक निरोगी माणसांतही ती असतात.

वजन घटणं, रक्त कमी होणं, सतत जुलाब किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेली पोटफुगी असेल तर आहाराचे प्रयोग न करता लगेच डॉक्टरांना दाखवावं.

पक्कं निदान हवं ते पुढच्या पथ्यासाठी. सिलिॲक असेल तर बाजारातल्या बांधानी हिंगात मिसळलेलं गव्हाचं पीठही आयुष्यभर वर्ज्य ठरतं. फ्रुक्टानचा त्रास असेल तर इतकं कडक पथ्य लागत नाही. शिवाय सिलिॲक घराण्यात चालतो, त्यामुळे निदान झालं की आईवडील, भावंडं आणि मुलं यांचीही तपासणी करावी लागते.