चार मीटरचा सांधा

इंटरनेट गेलं की क्रोम ब्राउझरमध्ये एक डायनासोर उभा दिसतो. बोट लावलं की तो धावत सुटतो आणि समोरून निवडुंग येऊ लागतात. 2014पासून असलेला हा खेळ कुठेच संपत नाही. धावणारा धडपडेपर्यंत रस्ता समोर येत राहतो. त्याच्या आधी, 2009मध्ये अ‍ॅडम सॉल्ट्समनच्या ‘कॅनाबाल्ट’मध्ये एक माणूस इमारतींच्या गच्च्यांवरून पळत होता. पुढे ‘टेंपल रन’ आणि ‘सबवे सर्फर्स’ घराघरांतल्या फोनवर पोचले. या जातीच्या खेळांना ‘एंडलेस रनर’ म्हणतात.

एवढा रस्ता कुणी आखून ठेवलेला नसतो, ठेवताही येणार नाही. खेळ बनवणारे रस्त्याचे छोटे तुकडे हाताने तयार करतात. एका तुकड्यात दोन खोकी आणि वर नाण्यांची कमान, दुसऱ्यात एक खड्डा, तिसऱ्यात डोक्यावरून जाणारा पाइप. या तुकड्यांना ‘चंक’ म्हणतात. खेळ चालू असताना फोन त्यांतला एकेक उचलतो आणि आगगाडीला डबे जोडावेत तसा पुढे जोडत जातो. मागे पडलेला तुकडा पुसून टाकत नाहीत. तोच उचलून पुन्हा पुढे लावतात, म्हणजे साध्या फोनवरही खेळ अडखळत नाही. शिकणाऱ्यांसाठी युनिटीने ‘ट्रॅश डॅश’ नावाचा नमुना खेळ दिला आहे. त्यात एका वेळी दहा तुकडे मांडलेले असतात, आणि सुरुवातीचे दोन मुद्दाम बिनअडथळ्याचे ठेवलेले असतात.

इथवर काम सोपं वाटतं. तीस तुकडे बनवावेत, चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि वेग हळूहळू वाढवावा. पहिला छोटा खेळ करणारे बहुतेक जण हेच करतात. मग तक्रार येते, “उडी बरोबर मारली होती, तरी मेलो.” खेळाडू चिडून असं बोलतो असं समजून ती सोडून देण्याचा मोह होतो. पण बऱ्याचदा तो खरंच बोलत असतो.

यासाठी उडीचा हिशेब मांडून बघायला हवा. समजा, एका छोट्या खेळात धावणारा जास्तीत जास्त 2 मीटर उंच उडतो आणि पाय सुटल्यापासून टेकेपर्यंत 0.7 सेकंद हवेत असतो. प्रत्यक्ष पृथ्वीवर एवढ्या उंच उडीला सुमारे 1.3 सेकंद लागतील. खेळात मात्र गुरुत्वाकर्षण तिपटीहून जास्त धरलेलं असतं, कारण तरंगत उतरणारी उडी बोटाला ढिली लागते. वेग सुरुवातीला सेकंदाला 6 मीटर आहे आणि तो 13पर्यंत चढतो.

आता 3 मीटर रुंद खड्डा घ्या. 6च्या वेगाने तो ओलांडायला 0.5 सेकंद लागतात. उडी 0.7 सेकंदांची असल्याने बोट दाबायला 0.2 सेकंदांची सवड मिळते. वेग 12 झाला की खड्डा 0.25 सेकंदातच मागे पडतो आणि सवड 0.45 सेकंदांवर जाते. म्हणजे वेग वाढवला आणि उडी सोपी झाली. अंगाला वारा लागल्यासारखं वाटतं, छाती धडधडते, पण बोटाचं काम हलकं झालेलं असतं. नुसता वेग वाढवला म्हणजे खेळ अवघड झाला, असं धरून चालणाऱ्यांना इथे पहिला धक्का बसतो.

दुसरा धक्का खोक्यांचा. दोन अरुंद खोकी, प्रत्येक 1.6 मीटर उंच, एकमेकांपासून 4 मीटरवर. 0.7 सेकंदांच्या उडीत धावणारा 1.6 मीटरच्या वर फक्त 0.31 सेकंद असतो. चढायला 0.19 आणि उतरायलाही 0.19 सेकंद जातात. ही जोडी पार करायचे दोनच मार्ग आहेत. एक तर एकाच उडीत दोन्ही खोकी मागे टाकायची. त्यासाठी दोन्हींमधलं अंतर 0.31 सेकंदात कापता आलं पाहिजे. नाही तर पहिल्यावरून उतरायचं, पाय टेकायचे आणि लगेच पुन्हा उडायचं. त्याला उतरण्या-चढण्याचे मिळून निदान 0.39 सेकंद हवेत.

वेग 8 असताना 4 मीटर कापायला अर्धा सेकंद लागतो, तेव्हा दोन उड्या आरामात बसतात. वेग 13 असताना 0.308 सेकंद लागतात, म्हणून एक उडी कशीबशी पुरते. पण वेग 11 झाला की तेच अंतर 0.36 सेकंदांचं होतं. एका उडीला जास्त, दोन उड्यांना कमी. साधारण 10.3 ते 12.8 या वेगांमध्ये ही जोडी कुणालाच पार करता येत नाही, जगातल्या सर्वांत चपळ बोटालाही नाही. कमी वेगाला जोडी चालते आणि जास्त वेगाला चालते, मधल्या पट्ट्यात तेवढी दगा देते. खेळ बनवणारा सुरुवातीचा भाग शंभरदा खेळून बघतो आणि अगदी शेवटचा वेग लावूनही तपासतो. त्याला दोन्हीकडे सगळं ठीक दिसतं. (इथे धावणाऱ्याच्या अंगाची जाडी धरलेली नाही. ती धरली की पट्टा आणखी रुंद होतो.)

अशी जोडी जाणता माणूस एका तुकड्यात ठेवणार नाही. ती तयार होते सांध्यावर. एका तुकड्यातलं शेवटचं खोकं त्याच्या टोकापासून 2 मीटर अलीकडे असतं आणि दुसऱ्यातलं पहिलं खोकं सुरुवातीपासून 2 मीटरवर. दोन्ही तुकडे एकेकटे निर्दोष असतात, पण शेजारी आले की मधे नेमकं 4 मीटर अंतर उरतं. तीस तुकड्यांचे एकामागे एक असे 900 सांधे होतात. त्यातला हा एखादाच, आणि तो अपुऱ्या वेगाला किंवा अती वेगाला आला तर काही बिघडत नाही. म्हणूनच ही चूक महिनोन् महिने लपून राहते.

त्यावरचा सरळ उपाय म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना 4 मीटर मोकळी जमीन सोडायची. मग सांध्यावर किमान 8 मीटर मिळतात. 13च्या वेगालाही ते 0.6 सेकंदांहून थोडे जास्त भरतात, म्हणजे दोन उड्यांना लागणाऱ्या 0.39 सेकंदांवर माणसाच्या चुकीसाठी थोडी जागा उरते. तोटा एवढाच की 6च्या वेगाला तीच मोकळी जमीन सव्वा सेकंदाहून जास्त चालते आणि सुरुवातीचा खेळ रिकामा वाटतो. नवखा खेळाडू नेमका तिथेच कंटाळून खेळ बंद करतो.

डायनासोरच्या खेळात याचं उत्तर फार नेटकं दिलं आहे. तिथे मोठे तुकडे नाहीत, एकेक अडथळाच येतो. पण दोन अडथळ्यांमधलं अंतर ठरलेलं नसतं, ते चालू वेगावरून काढतात. लहान निवडुंगासाठी किमान अंतराचं सूत्र असं आहे:

```
minGap = width * speed + 120 * 0.6
```

लहान निवडुंग 17 पिक्सेल रुंद असतो. वेग 6 पिक्सेल प्रति फ्रेम असताना किमान अंतर 174 पिक्सेल येतं आणि सर्वाधिक 13च्या वेगाला 293. सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर वेळात मोजलेलं हे अंतर 0.48 सेकंदांवरून 0.38वर येतं. म्हणजे वेग दुपटीहून जास्त वाढला, रस्ता ताणला गेला आणि खेळाडूच्या वाट्याची वेळ पाचव्या हिश्शाने कमी झाली. खरी काठिण्यपातळी या शेवटच्या आकड्यात आहे. प्रत्यक्ष अंतर किमानापासून दीडपटीपर्यंत कुठेही पडतं, त्यामुळे ताल पाठ होत नाही.

मोठ्या तुकड्यांच्या खेळात हेच तत्त्व जरा वेगळ्या रूपात येतं. तुकडा रबरासारखा ताणला तर नाण्यांच्या कमानी विस्कटतात आणि चित्रं विद्रूप होतात. म्हणून तुकडा तसाच ठेवून त्याला चिठ्ठी चिकटवतात:

```json
{"id": "box_07", "len": 24, "tier": 2,
 "vmin": 6, "vmax": 10, "lead": 4, "tail": 4}
```

`vmin` आणि `vmax` म्हणजे हा तुकडा ज्या वेगांमध्ये वापरायचा त्याच्या हद्दी. `lead` आणि `tail` म्हणजे पुढची आणि मागची मोकळी जमीन, `tier` म्हणजे अवघडपणाची पायरी. पुढचा तुकडा निवडताना फोन आधी चालू वेग बघतो, हद्दीबाहेरचे तुकडे बाजूला करतो, नुकते येऊन गेलेले वगळतो आणि उरलेल्यांत चिठ्ठी टाकतो. चिठ्ठीही सरसकट नसते. पहिल्या वीस सेकंदांत पहिल्या पायरीचेच तुकडे, नंतर दुसऱ्या पायरीच्या चिठ्ठ्या वाढत जातात. दोन अवघड तुकडे लागोपाठ आले की तिसरा मोकळा श्वास घ्यायला लावणारा असतो. तो नसला तर बोट थकतं, आणि खेळाडू चुकून मरण्याऐवजी दमून मरतो.

वेग आणि पायरी दोन्ही एकाच क्षणी चढवणं ही फार नेहमीची चूक आहे. डायनासोरच्या खेळात वेग दर फ्रेमला 0.001 इतका सावकाश वाढतो, 6वरून 13वर जायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. उडणारे पक्षी वेग 8.5 झाल्याशिवाय येत नाहीत, म्हणजे साधारण चाळीस सेकंदांनंतर. तोवर निवडुंगांची सवय झालेली असते आणि नवं संकट एकटंच समोर येतं.

सांध्यातली चूक शोधायला डोळे पुरत नाहीत. त्यासाठी प्रत्येक मरणाची एक ओळ लिहून ठेवतात: कोणता तुकडा, त्याच्या आधी कोणता, वेग किती, आणि चिठ्ठ्या ज्या आकड्यापासून सुरू झाल्या तो बीजांक. बीजांक तोच दिला की तोच रस्ता पुन्हा जसाच्या तसा उभा राहतो आणि बनवणाऱ्याला स्वतः तिथे धावून बघता येतं. प्रामाणिकपणे अवघड तुकड्यातली मरणं सगळ्या वेगांवर विखुरलेली असतात आणि सरावाने कमी होत जातात. दगाबाज सांध्यावरची मरणं एका अरुंद वेगपट्ट्यात गोळा होतात, आणि तिथे पट्टीचे खेळाडूही नवख्यांइतकेच पडतात.

वरच्या खोक्यांच्या बाबतीत नोंदवहीत असंच दिसलं असतं: सगळी मरणं 10.3 ते 12.8च्या मधे. मोकळी जमीन वाढवणं हा एक उपाय झाला. दुसरा खोक्यातच आहे. अडथळ्याची उंची उडीच्या पाऊणपट असेल किंवा त्याहून कमी, तर हिशेबात असा पट्टा उरतच नाही. 2 मीटरच्या उडीला ही हद्द 1.5 मीटर. खोकं 1.6ऐवजी 1.2 मीटरचं केलं की धावणारा त्याच्या वर 0.44 सेकंद राहतो आणि दोन उड्यांना 0.26 सेकंद पुरतात. वेग 11 असताना लागणारे 0.36 सेकंद तेव्हा दोन्ही मार्गांना चालतात, आणि अंगाच्या जाडीलाही थोडी सवड राहते. चित्रकाराला खोक्याची एक फळी काढून टाकावी लागते, बाकी तुकडा आहे तसाच राहतो.